एक सेट-टॉप बॉक्स, दोन खोल्या

हॉलमध्ये सेट-टॉप बॉक्स आहे, त्याचं रिचार्ज दर महिन्याला होतं. आतल्या खोलीत एक धडधाकट टीव्ही आहे, पण त्याला जोडायला काहीच नाही. दुसरं कनेक्शन घ्यायचं तर दुसरा बॉक्स आणि महिन्याचा जादा खर्च. हॉलमधून आतपर्यंत केबल न्यायची तर भिंतीला भोकं पाडायची आणि दरवाजांच्या चौकटींवरून केसिंगची पांढरी पट्टी फिरवायची. भाड्याच्या घरात तर घरमालक खिळाही ठोकू देत नाही. अशा वेळी दुकानात किंवा ऑनलाइन बाजारात ‘वायरलेस एचडीएमआय सेंडर’ नावाची दोन डब्यांची जोडी समोर येते. एक डबी हॉलमधल्या बॉक्सला लावायची, दुसरी आतल्या टीव्हीला. मधली वायर गेली.

जाहिरातीत हे इतकं सोपं दिसतं आणि बऱ्याच घरांत ते खरोखर सोपं ठरतंही. काही घरांत मात्र चित्र अडकतं, चौकोन पडतात, रिमोटला टीव्ही उशिरा दाद देतो आणि आठवड्याभरात ती जोडी कपाटात जाते. दोन्ही घरांत वस्तू एकच असते. फरक असतो मधल्या भिंतींचा, शेजारच्या वाय-फायचा आणि त्या टीव्हीवर काय बघायचं आहे याचा. हा फरक विकत घेण्याआधीच ओळखता येतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट हवी. सेंडर बॉक्समधलं चित्र दुसऱ्या खोलीत पोहोचवतो, दुसरा बॉक्स देत नाही. हॉलमध्ये जे चॅनेल लागलं असेल तेच आत दिसणार. हॉलमध्ये मालिका आणि आत बातम्या, हे एका बॉक्सवर होणार नाही. घरात एका वेळी एकाच खोलीत टीव्ही बघितला जात असेल, किंवा दोन्ही खोल्यांत एकच सामना बघायचा असेल, तरच या वस्तूचा उपयोग.

अडीचशे कोटींचे दोन कोटी

फुल एचडी चित्रात आडवे 1920 आणि उभे 1080, म्हणजे सुमारे 20 लाख 73 हजार ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला 24 बिट लागतात. आपल्याकडच्या प्रसारणाच्या हिशेबाने सेकंदाला 50 चित्रं धरली, तर बॉक्समधून टीव्हीकडे दर सेकंदाला जवळपास 250 कोटी बिट वाहतात. एचडीएमआय केबल हा लोंढा सहज पेलते, कारण त्या तारांवर दुसरं कोणी नसतं.

हवेतून एवढं पाठवणं घरगुती किमतीच्या उपकरणाला झेपत नाही. भिंतीपलीकडे भरवशाने पोहोचेल असा प्रवाह त्या मानाने फारच बारीक असतो. म्हणून हॉलमधली डबी, म्हणजे ट्रान्समीटर, आधी चित्र दाबून लहान करते. बहुतेक सेंडरमध्ये त्यासाठी H.264 ही पद्धत असते, मोबाइलवरच्या व्हिडिओसाठी वापरतात तीच. ती प्रत्येक चित्र पूर्ण पाठवत नाही. अधूनमधून एक पूर्ण चित्र जातं आणि त्यानंतर फक्त काय बदललं तेवढं जातं. निवेदक बोलतो आहे आणि मागचा पडदा स्थिर आहे, तर पडद्याबद्दल पुन्हा काही सांगावं लागत नाही. अशा रीतीने 250 कोटी बिटांचे दीड-दोन कोटी होतात. ते हवेतून जातात आणि आतली डबी, म्हणजे रिसीव्हर, त्यातून पुन्हा पूर्ण चित्र उभं करते.

सेंडरच्या बहुतेक तक्रारी या एका तडजोडीतून निघतात. चित्र दाबायला आणि उलगडायला वेळ लागतो, तो विलंब. आणि प्रत्येक चित्र आधीच्या चित्रावर उभं असल्यामुळे मधला एक तुकडा हरवला, तर पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत ती चूक पडद्यावर रेंगाळते. सिग्नल क्षणभरच तुटतो, पण खेळाडूच्या तोंडावर आलेले चौकोन लगेच जात नाहीत, त्याचं कारण हे.

विलंब कुठे होतो, कुठे खुपतो

सेकंदाला 50 चित्रं, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला 20 मिलिसेकंद येतात. ट्रान्समीटर निदान एक चित्र हातात येईपर्यंत थांबतो, मग ते दाबतो. रिसीव्हरही आलेला माल लगेच दाखवत नाही. हवेत एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवायला सवड हवी, म्हणून थोडा साठा करून ठेवतो. त्यानंतर टीव्ही स्वतः चित्र उजळवण्यात आणि रेषा गुळगुळीत करण्यात वेळ घेतो. हे सगळं मिळून साधारण सेंडरवर 100 ते 200 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या ते पाचव्या हिश्शाइतका उशीर होतो. साठा मोठा ठेवला तर चित्र कमी अडकतं पण उशीर वाढतो, साठा लहान ठेवला तर उलट. त्यामुळे ‘अजिबात विलंब नाही’ असं खोक्यावर छापलेलं दिसलं, तर आकडा विचारावा.

आता हा उशीर कुणाला जाणवतो? आत बसून फक्त मालिका किंवा बातम्या बघणाऱ्याला नाही. आवाज आणि चित्र एकाच प्रवाहातून येतात आणि दोन्हींना सारखाच उशीर होतो, म्हणून ओठ आणि शब्द जुळलेले राहतात. तुलनेला दुसरं काही समोर नसतं. उशीर खुपतो तो तीन ठिकाणी.

पहिलं ठिकाण म्हणजे खेळ. बॉक्सच्या जागी मुलांचा गेमिंग कन्सोल असेल, तर बटण दाबल्यावर पडद्यावरचा खेळाडू 150 मिलिसेकंदांनी उडी मारतो. तोवर समोरची गाडी आदळलेली असते. गेमसाठी दाबणारा सेंडर घेऊच नये, हे इतकं साधं आहे. लॅपटॉप जोडून माउस चालवतानाही हाच त्रास होतो. बाण बोटाच्या मागे राहतो आणि नेमकं टिपता येत नाही.

दुसरं ठिकाण रिमोटचं. चॅनेल बदलताना तो फारसा जाणवत नाही, कारण बॉक्सला नवं चॅनेल पकडायलाच एक-दोन सेकंद लागतात. पण चॅनेलच्या यादीत खालीवर जाताना हात पुढे पळतो. आपण बटण सोडतो तेव्हा यादी दोन ओळी पुढे गेलेली असते. आत बसणाऱ्याला एक दाब, क्षणभर थांबणं, मग दुसरा दाब अशी लय लावून घ्यावी लागते.

तिसरं ठिकाण फार जणांच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे दोन्ही टीव्ही एकाच वेळी चालू असणं. हॉलमधल्या टीव्हीचा आवाज हवेतून आतल्या खोलीत यायला आठ मीटरला अवघे 23 मिलिसेकंद लागतात. आतल्या टीव्हीचा आवाज मात्र 150 मिलिसेकंदांनी मागे आहे. दोन आवाजांत साधारण 50 मिलिसेकंदांहून जास्त अंतर पडलं की कानाला दोन वेगळे आवाज ऐकू येतात. मग प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो, समालोचन कळेनासं होतं आणि आत झोपलेल्या आजोबांना वाटतं की टीव्हीच बिघडला. यावर उपाय यंत्रात नाही. मधलं दार लावायचं किंवा एका खोलीतला आवाज बंद करायचा.

आपल्या जोडीचा विलंब घरीच मोजता येतो. लॅपटॉपवर मिलिसेकंद दाखवणारं स्टॉपवॉच लावा, लॅपटॉपची एचडीएमआय वायर ट्रान्समीटरला जोडा आणि रिसीव्हरसह टीव्ही लॅपटॉपशेजारी ठेवा. लॅपटॉप दोन्हीकडे एकच चित्र दाखवेल असं बघा. मोबाइलच्या स्लो-मोशन कॅमेऱ्याने दोन्ही पडदे एकत्र टिपा. एका क्षणी चित्र थांबवलं आणि लॅपटॉपवर 7.480 पण टीव्हीवर 7.310 दिसलं, तर फरक 170 मिलिसेकंदांचा. पडद्याचं चित्र बदलायलाच 16 ते 20 मिलिसेकंद लागतात, तेव्हा तेवढी मागेपुढे चूक धरावी आणि चार-पाच ठिकाणी थांबवून सरासरी काढावी. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये Game Mode लावून पुन्हा मोजा. फरक बराच कमी झाला, तर तेवढा उशीर टीव्हीचा होता, सेंडरचा नव्हता. बऱ्याच टीव्हींवर या एका बदलाने 50 मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त सुटतात.

भिंती

आजचे बहुतेक सेंडर 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. काही स्वस्त सेंडर 2.4 गिगाहर्ट्झवर असतात. 2.4 ची लहर भिंतीतून तुलनेने बरी जाते, पण तिथे ब्लूटूथ, शेजाऱ्यांचं जुनं वाय-फाय, मायक्रोवेव्ह ओव्हन अशी भलतीच गर्दी आहे. 5 चा पट्टा मोठा आणि मोकळा, पण त्यातली लहर भिंतीत लवकर दमते. खोक्यावर ‘50 मीटर’ लिहिलेलं असतं ते मोकळ्या मैदानातलं, मध्ये काहीही नसतानाचं अंतर. घरात मीटर कमी महत्त्वाचे, मध्ये काय आहे ते जास्त महत्त्वाचं.

साडेचार इंची विटेची आतली भिंत एक असेल तर काळजी नसते. दोन असतील तरी बहुधा निभावतं. आरसीसीचा खांब किंवा सिमेंटची भिंत आली की आतल्या लोखंडी सळ्यांमुळे सिग्नल एकदम खाली येतो. धातू तर लहरीला परतच पाठवतो. म्हणून लोखंडी कपाट, फ्रिज, आरशाचा वॉर्डरोब हे विटेच्या भिंतीपेक्षा वाईट. पाणी लहरी शोषून घेतं, त्यामुळे माशांची मोठी टाकी किंवा पाण्याचं भरलेलं पिंप मधोमध असणंही चांगलं नाही. माणसाच्या शरीरातही पाणीच जास्त. दारात कोणी उभं राहिलं आणि चित्र अडकलं, तर समजावं की सिग्नल आधीच काठावर होता.

दुसरा मुद्दा कोनाचा. लहर भिंतीला काटकोनात भिडली तर साडेचार इंच वीट ओलांडते. तीच 60 अंश तिरकी आली, तर सरळ रेषेच्या हिशेबाने तिला त्याच भिंतीत दुप्पट, म्हणजे नऊ इंच वीट ओलांडावी लागते. म्हणूनच पॅसेजच्या टोकाला असलेली खोली जवळ असूनही अवघड जाते आणि हॉलच्या अगदी मागची खोली सोपी जाते.

गर्दी

अडथळ्याचा दुसरा भाग डोळ्यांना दिसत नाही. 2018 मध्ये केंद्र सरकारने 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या 605 मेगाहर्ट्झ लहरी परवान्याशिवाय वापरायला मोकळ्या केल्या. यामुळे घराघरांत या पट्ट्यावरचे राउटर वापरणं सोपं झालं. पण परवाना नाही म्हणजे संरक्षणही नाही. शेजारच्या राउटरने तुमच्या सेंडरवर कुरघोडी केली, तर दाद मागायला जागा नाही. सगळ्यांनी वाटून घ्यायचं.

वाटून घेण्याची रीत म्हणजे चॅनेल, टीव्हीचे नव्हेत तर लहरींचे. भारतात राउटर बहुधा 36 ते 48 किंवा 149 ते 165 या दोन गटांत सापडतात. एकाच चॅनेलवरची उपकरणं सभेतल्या सभ्य वक्त्यांसारखी वागतात. एक बोलत असेल तर दुसरं थांबतं. वेबपान अर्धा सेकंद उशिरा उघडलं तर कुणाला कळत नाही. पण सेंडरला दर 20 मिलिसेकंदांनी पुढचं चित्र हवंच असतं. साठा संपेपर्यंत पाळी आली नाही, की चित्र थांबतं. त्यामुळे इंटरनेटला काही होत नसताना त्याच हवेत सेंडर मात्र अडखळतो.

घरातला सर्वांत मोठा शेजारी बऱ्याचदा आपलाच राउटर असतो. तो हॉलमध्ये, सेट-टॉप बॉक्सच्या अगदी बाजूला ठेवलेला असतो आणि ट्रान्समीटरही तिथेच येऊन बसतो. इतक्या जवळ असताना चॅनेल वेगळं असलं तरी राउटरचा आवाज ट्रान्समीटरच्या कानात घुमतो. दोघांत निदान एक-दीड मीटर अंतर ठेवावं आणि चॅनेलचे गट वेगळे करावेत. बऱ्याच सेंडरमध्ये चॅनेल निवडायची सोय नसते, काहींना फक्त एक बटण असतं. राउटरचं चॅनेल मात्र आपल्या हातात असतं. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 किंवा राउटरच्या खाली छापलेला पत्ता टाकून आत जायचं, 5 GHz च्या पानावर Channel समोरचं Auto काढून 36 ठेवायचं आणि फरक पडतो का ते बघायचं. नाही पडला तर 149. अँड्रॉइड मोबाइलवर वाय-फाय अ‍ॅनालायझर प्रकारचं ॲप घेतलं, तर सेंडर नेमका कुठे बसला आहे आणि शेजाऱ्यांची गर्दी कुठे आहे तेही बऱ्याचदा दिसतं.

एका घराची जोडणी

समजा, डोंबिवलीतलं एक टू-बीएचके घर आहे. हॉलच्या भिंतीवर टीव्ही, खाली बॉक्स आणि राउटर. तिथून पॅसेज, पॅसेजच्या डाव्या हाताला बाथरूम, टोकाला आजी-आजोबांची खोली. त्यांचा टीव्ही पायाकडच्या भिंतीवर. हॉलच्या टीव्हीपासून तिथपर्यंत सरळ रेषेत नऊ मीटर. कागदावर नकाशा काढून ही रेषा ओढली, तर ती बाथरूममधून जाते, म्हणजे दोन भिंती, टाइल्स, नळाचे पाइप, आणि शेवटी आजीच्या लोखंडी कपाटाच्या पाठीतून. या रेषेवर कोणताही सेंडर नीट चालणार नाही.

म्हणून आधी जोडणी, मग जागा. पहिल्यांदा दोन्ही डब्या हॉलमध्येच जोडायच्या. बॉक्समधून निघालेली एचडीएमआय वायर टीव्हीतून काढून ट्रान्समीटरच्या INPUT मध्ये घालायची. हॉलचा टीव्हीही चालू राहायला हवा, तर ट्रान्समीटरला दुसरं आउटपुट हवं, त्याला लूप-आउट म्हणतात. तिथून नवी वायर हॉलच्या टीव्हीला. ही सोय नसलेला सेंडर घेतला तर हॉलमधला टीव्ही कोरा राहतो, तेव्हा खरेदीआधी हे नक्की बघावं. रिसीव्हर आतल्या टीव्हीला किंवा तात्पुरता हॉलच्याच टीव्हीच्या दुसऱ्या पोर्टला लावून चित्र येतं का ते तपासायचं. दोन मीटरवर चित्र आलं नाही, तर दोष भिंतीचा नाही, जोडणीचा आहे. हे ठरल्याशिवाय आत जाऊ नये.

इथेच दोन अडचणी हमखास भेटतात. हॉलचा टीव्ही फोर-के असेल आणि सेंडर फुल एचडीचा, तर बॉक्स दोघांना झेपेल असं चित्र देतो, म्हणजे हॉलमध्येही फुल एचडीच दिसतं. कधी बॉक्स हटून बसतो आणि आत काहीच दिसत नाही. तेव्हा बॉक्सच्या सेटिंगमध्ये Resolution हाताने 1080p किंवा 1080i करावं. दुसरी अडचण आवाजाची. हॉलमध्ये साउंडबार असल्यामुळे बॉक्सचा आवाज Dolby वर ठेवलेला असतो. आतल्या साध्या टीव्हीला तो समजत नाही, चित्र येतं पण आवाज नाही. Audio मध्ये PCM किंवा Stereo निवडलं की दोन्हीकडे आवाज येतो.

आता जागा. ट्रान्समीटर टीव्हीच्या मागे अजिबात खोचायचा नाही, कारण टीव्हीची पाठ आणि आतला पत्रा लहरी अडवतात. या घरात दोन मीटरची एचडीएमआय वायर लावून ट्रान्समीटर पॅसेजच्या तोंडाशी असलेल्या शोकेसच्या वरच्या फळीवर आणायचा. तिथून तो सरळ पॅसेजमध्ये बघतो आणि लहर बाथरूमला बगल देऊन दारातून आत जाते. रिसीव्हरही आतल्या टीव्हीच्या पाठीमागे थेट पोर्टात न खोचता छोट्या एचडीएमआय एक्स्टेंशनने टीव्हीच्या कडेबाहेर, दाराच्या बाजूला लटकवायचा. मग खरी परीक्षा: खोलीचं दार लावायचं, पॅसेजमध्ये एका माणसाला उभं करायचं आणि रात्री नऊच्या सुमाराला, इमारतीतली सगळी वाय-फाय जोरात असताना अर्धा तास क्रिकेट किंवा फुटबॉल बघायचं. बातम्यांचं स्थिर चित्र दाबायला सोपं असतं. मैदानात कॅमेरा फिरतो तेव्हा सगळंच बदलत असतं आणि सेंडरची खरी ताकद तिथे कळते.

शेवटी रिमोट. आजोबांना आतूनच चॅनेल बदलता यायला हवं. चांगल्या जोडीसोबत टोकाला मण्याएवढा डोळा असलेली बारीक वायर येते. आतला रिसीव्हर रिमोटचा इन्फ्रारेड इशारा टिपतो, लहरींनी हॉलमध्ये पाठवतो आणि हा डोळा तो बॉक्सपुढे पुन्हा लुकलुकतो. तो बॉक्सच्या इन्फ्रारेड खिडकीवर नेमका चिकटवावा लागतो. खिडकी काळ्या प्लास्टिकखाली लपलेली असते, टॉर्च मारली की दिसते. डोळा चालू आहे का ते बघायचं असेल तर आतून कोणीतरी बटण दाबावं आणि मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून डोळ्याकडे बघावं. बऱ्याच मोबाइलमध्ये तो जांभळट लुकलुकताना दिसतो. बॉक्सचा रिमोट ब्लूटूथवर चालणारा असेल, तर मात्र ही सोय कामाची नाही. ब्लूटूथ भिंतींपलीकडे पोहोचला तर पोहोचला, नाहीतर हॉलमध्ये येऊनच चॅनेल बदलावं लागेल.

बिघाड ओळखायचा कसा

चित्र बिघडलं की सगळे सिग्नललाच दोष देतात, पण लक्षणं वेगळी असतात. चौकोन पडणं आणि क्षणभर अडकून पुढे जाणं हे सिग्नल कमजोर असल्याचं किंवा गर्दीचं लक्षण. दिवसा ठीक आणि रात्री वाईट असेल तर गर्दी, दार लावल्यावर वाईट असेल तर भिंत. पहिल्याला चॅनेल बदलावं, दुसऱ्याला जागा.

चित्र पूर्ण जातं, सेंडरच्या कंपनीचं चिन्ह दिसतं आणि मग पुन्हा चित्र येतं, असं होत असेल तर डबी बंद पडून पुन्हा सुरू होते आहे. बहुतेकदा विजेचा दोष असतो. लोक डबीची यूएसबी वायर टीव्हीच्या यूएसबीत घालतात. टीव्हीचं यूएसबी पोर्ट पुष्कळदा अर्धा अँपिअरच देतं आणि डबीला एक किंवा दोन लागतात. सोबत आलेला किंवा तेवढ्या क्षमतेचा अडॅप्टर भिंतीत लावला की हा त्रास संपतो. तासाभराने अडकायला लागलं आणि डबी हाताला चटका देत असेल, तर ती बंद शोकेसमधून बाहेर काढावी.

बाकी सगळं नीट, पण ठरावीक ॲप किंवा चॅनेलवरच काळा पडदा किंवा HDCP असा संदेश आला, तर तो चित्राच्या प्रतिबंधक कुलपाचा प्रश्न आहे. बॉक्स, सेंडर आणि टीव्ही या तिघांनी एकमेकांना ओळखलं तरच कुलूप उघडतं. तिन्ही बंद करून आधी टीव्ही, मग सेंडर, शेवटी बॉक्स या क्रमाने चालू करून बघावं. तरीही संदेश राहिला तर तो सेंडर त्या कुलपाची नवी आवृत्ती जाणत नाही आणि जागा किंवा चॅनेल बदलून काहीही होणार नाही. तो परत करणं हाच मार्ग.

घ्यावा की नाही

विलंब जवळपास शून्य असलेले सेंडरही असतात. 5 गिगाहर्ट्झवर चित्र फारसं न दाबता पाठवणारी एक जात आहे. तिचा उशीर एका मिलिसेकंदाच्या आत राहतो आणि चित्रीकरणाच्या सेटवर कॅमेऱ्याचं चित्र दिग्दर्शकाच्या पडद्यावर नेण्यासाठी ती वापरतात. किंमत त्याप्रमाणे. 60 गिगाहर्ट्झवर चालणारी दुसरी जातही वेगवान, पण तिची लहर अवघ्या पाच मिलिमीटरची असते आणि साध्या भिंतीने अडते. ती एकाच खोलीत प्रोजेक्टर लावण्यापुरती. दुसऱ्या खोलीसाठी सामान्य घराच्या खिशाला परवडतो तो दाबून पाठवणारा सेंडरच.

म्हणून निर्णय तीन प्रश्नांवर होतो. आत बसणारा फक्त बघणार आहे की खेळणारही आहे? खेळणार असेल तर केबलच. मध्ये एक-दोन विटेच्या भिंती आहेत की खांब, कपाट, बाथरूम? दुसरं असेल आणि जागा बदलूनही वाट मिळत नसेल, तर केबलच. आणि दोन खोल्यांत वेगवेगळी चॅनेल हवी आहेत का? हवी असतील तर सेंडर आणि केबल दोन्ही बाद, दुसरा बॉक्स घ्यावा. किंवा आतला टीव्ही स्मार्ट असेल तर त्यावर वाय-फायने ॲप लावावं.

केबलचं नाव काढलं की लोक कचरतात, पण तीही आता तितकी जड राहिलेली नाही. फुल एचडीसाठी चांगल्या प्रतीची तांब्याची एचडीएमआय केबल दहा मीटरपर्यंत बहुधा सहज चालते. त्यापुढे फायबरची बारीक केबल मिळते. तिला दिशा असते, म्हणून Source लिहिलेलं टोक बॉक्सकडेच लावायचं. घरात आधीच कॅट-सिक्सची नेटवर्क वायर टाकलेली असेल, तर तिच्या दोन टोकांना लावायचे एचडीएमआय एक्स्टेंडरही मिळतात. न दाबता पाठवणारा प्रकार घेतला तर त्यात विलंब जाणवत नाही आणि शेजाऱ्याच्या राउटरशीही देणंघेणं राहत नाही.

सेंडर घ्यायचा ठरला, तर परत करण्याची मुदत असलेल्या दुकानातूनच घ्यावा. मुदत संपण्याआधी दार लावून, रात्रीच्या वेळी, सामना लावून तो तपासावा. विलंबाचा आकडा, लूप-आउट, रिमोटचा डोळा आणि अडॅप्टर या चार गोष्टी खोक्यावर शोधाव्यात. मीटरचा आकडा सोडून द्यावा. आपल्या घराच्या नकाशावर ओढलेली एक सरळ रेषा त्याहून जास्त खरं सांगते.